एकाच कंपनीचे शेअर, 31 मार्चची सीमा आणि कॉलर

प्रश्न: मी 62 वर्षांची आहे. बुटीबोरीत कारखाना असलेल्या एका सूचीबद्ध कंपनीच्या लेखा विभागातून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत मिळालेले आणि नंतर घेतलेले मिळून त्याच कंपनीचे 6,000 शेअर माझ्या नावावर आहेत. भाव 1,200 रुपये आहे, सरासरी खरेदी 240 रुपयांची, आणि सगळे शेअर जुने आहेत. ठेवी 18 लाखांच्या आहेत. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून वर्षाला 6 लाख येतात. एप्रिलअखेर मुलीच्या दंतचिकित्सालयासाठी 30 लाख द्यायचे आहेत. एवढे सगळे एकाच कंपनीत ठेवायची आता भीती वाटते, पण एकदम विकले तर कर फार बसेल, म्हणून अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये विकावे असे मनात आहे. धरमपेठेतले माझे ब्रोकर म्हणतात की मधल्या काळासाठी 1,100 चा पुट घ्या, 1,320 चा कॉल विका, खर्च शून्य. हे खरेच फुकट आहे का? करावे का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर:

नमस्कार ताई,

दोन आर्थिक वर्षांत विभागून विकण्याचा आपला विचार बरोबर आहे आणि त्यासाठी पुट घेऊन कॉल विकण्याची, म्हणजे कॉलरची, ब्रोकरांची सूचनाही चुकीची नाही. मात्र किती शेअर राखून ठेवायचे आणि कोणत्या स्ट्राइकचे, म्हणजे कोणत्या ठरलेल्या भावाचे, पुट आणि कॉल हे पर्याय घ्यायचे, या दोन्ही ठिकाणी मी आपल्याला वेगळा आकडा सुचवणार आहे. तो आकडा बाजाराच्या अंदाजातून न येता आपल्याच कराच्या हिशेबातून येतो, म्हणून आधी कर पाहू.

सगळे 6,000 शेअर याच वर्षी विकले तर नफा 57 लाख 60 हजार होतो. त्यातून 1 लाख 25 हजारांची सूट वजा करून उरलेल्या रकमेवर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. आपले इतर 6 लाख धरून एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर जाते, त्यामुळे करावर 10 टक्के अधिभार बसतो आणि त्यावर 4 टक्के उपकर. शेअरच्या नफ्यावरचा एकूण बोजा साधारण 8 लाख 6 हजार होतो. हीच विक्री दोन वर्षांत अशी विभागली, की कोणत्याही वर्षी एकूण उत्पन्न 50 लाख ओलांडणार नाही, तर अधिभार टळतो, 1 लाख 25 हजारांची सूट दोनदा मिळते आणि दोन्ही वर्षांचा मिळून कर सुमारे 7 लाख 16 हजार होतो. म्हणजे वाचणारी रक्कम जवळजवळ 90,000 रुपये आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर तोलायचे आहेत.

आता विभागणी अर्धी-अर्धी करण्याची गरज नाही. मर्यादा 50 लाखांची आहे आणि आपले इतर उत्पन्न 6 लाखांचे, म्हणजे या वर्षी 44 लाखांच्या आतला नफा घेता येतो. प्रत्येक शेअरवर 960 रुपये नफा धरला तर 4,500 शेअर विकल्यावर नफा 43 लाख 20 हजार आणि एकूण उत्पन्न 49 लाख 20 हजार होते. म्हणून मार्चमध्ये 3,000 नव्हे, 4,500 शेअर विकावेत. कराची बचत तेवढीच राहते आणि बाजाराच्या भरवशावर राहणारे शेअर निम्म्यावर, म्हणजे 1,500 वर येतात. 31 मार्चच्या पलीकडे जितके कमी शेअर न्यावे लागतील तितके संरक्षणाचे काम लहान होते, आणि कॉलरच्या कोणत्याही चतुर रचनेपेक्षा हा फरक मोठा आहे. विक्रीच्या दिवशी भाव 1,215 च्या वर असेल तर 4,400 वर थांबावे, कारण मर्यादेखाली फार मोकळी जागा नाही.

या पहिल्या विक्रीतून 54 लाख येतात. त्यातले सुमारे साडेपाच लाख करासाठी बाजूला ठेवले की साडेअठ्ठेचाळीस लाख उरतात. मुलीचे 30 लाख यातूनच काढून लगेच अल्पमुदतीच्या ठेवीत ठेवावेत, त्यांचा पुढच्या व्यवहाराशी काहीही संबंध ठेवू नये.

एक गोष्ट मात्र विक्रीच्याही आधी तपासून घ्यावी लागेल. 240 ही सरासरी कशी काढली आहे? नोकरीत मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत म्हणजे आपण कंपनीला भरलेली रक्कम नव्हे. ते शेअर घेतले त्या दिवशीचे बाजारमूल्य, ज्यावर पगारातून कर कापला गेला होता, ते खरेदी मूल्य धरले जाते. आणि 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या सूचीबद्ध शेअरसाठी त्या दिवसाच्या भावाचा आधार घेता येतो. खरी सरासरी 240 पेक्षा जास्त निघाली तर नफा कमी होईल आणि मार्चमध्ये 4,500 पेक्षाही जास्त शेअर विकता येतील. अनेक निवृत्त कर्मचारी इथेच स्वतःचे नुकसान करून घेतात.

आता उरलेल्या 1,500 शेअरकडे वळू. समजा कंपनीच्या पर्यायांचा एक लॉट 500 शेअरचा आहे. म्हणजे आपल्याला बरोबर तीन लॉट लागतील. पुट विकत घेतला की ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क आपल्याला मिळतो आणि त्यासाठी प्रीमियम द्यावा लागतो. कॉल विकला की ठरलेल्या, वरच्या भावाला शेअर देण्याची बांधिलकी आपल्यावर येते आणि त्याबद्दल प्रीमियम मिळतो. मिळालेल्या प्रीमियममधून दिलेला प्रीमियम भागला की कॉलर झाली. तेव्हा हे फुकट आहे का, याचे सरळ उत्तर असे की खिशातून रोख जवळजवळ जात नाही, पण वरच्या स्ट्राइकच्या पुढची सगळी वाढ आपण आधीच विकून टाकलेली असते. भाव चढला तर ती किंमत दिसते, भाव उतरला तर ती दिसत नाही, एवढेच.

ब्रोकरांनी सुचवलेली 1,100 आणि 1,320 ही जोडी प्रीमियमच्या हिशेबाने समतोल असू शकते. ज्याला शेअर ठेवायचेच आहेत आणि फक्त मोठ्या पडझडीपासून बचाव हवा आहे, त्याला ती शोभते. आपले तसे नाही. आपण एप्रिलमध्ये विकणारच आहात आणि थांबण्याचे कारण फक्त 90,000 रुपयांचा कर आहे. 1,100 च्या पुटमध्ये पहिले 100 रुपये आपले स्वतःचे जातात, म्हणजे 1,500 शेअरवर दीड लाख. 90,000 वाचवण्यासाठी दीड लाख गमावण्याची तयारी ठेवणे हा कसला विमा?

म्हणून उलट बाजूने चालावे. 90,000 ला 1,500 ने भागले की प्रति शेअर 60 रुपये येतात. भाव 60 रुपयांनी पडला की कराची सगळी बचत संपते. व्यवहाराचा खर्च आणि सनदी लेखापालांची फी यासाठी त्यातले 15 ते 20 रुपये सोडले, तर पुटचा स्ट्राइक आजच्या भावाखाली 40 रुपयांच्या आसपास, म्हणजे 1,160 च्या जवळ हवा. तो आधी ठरवावा. मग त्या पुटसाठी द्यावा लागणारा भाव पाहावा, आणि वरच्या स्ट्राइकपैकी ज्या कॉलला खरेदीदार तेवढाच किंवा रुपया-दोन रुपये जास्त भाव देत असेल, तो विकावा. शून्य खर्चाची कॉलर याच क्रमाने बांधली जाते, आणि कॉल आधी निवडून उरलेल्या पैशांत बसेल तो पुट घेणारा माणूस नेमके संरक्षणच पातळ करून बसतो.

दोन महिने मुदत आणि वर्षाला 30 टक्क्यांच्या आसपास चढउतार असलेल्या शेअरसाठी साधारण असे चित्र दिसावे, की 1,160 चा पुट 36 रुपयांना मिळतो आणि 1,260 च्या कॉलला 37 रुपये मिळतात. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपल्या शेअरचे त्या दिवशीचे भाव घेऊन हिशेब पुन्हा मांडावा लागेल.) पुटसाठी 54,000 रुपये जातात, कॉलचे 55,500 येतात, आणि हातात उरलेले 1,500 रुपये दलाली, व्यवहार कर आणि इतर शुल्कात संपतात. खाली 40 रुपये, वर 60 रुपये, एवढ्या पट्ट्यात आपले 1,500 शेअर अडकले. सर्वात वाईट झाले तर आजच्या भावाच्या तुलनेत 60,000 च्या आसपास कमी येतील आणि सर्वात चांगले झाले तर 90,000 जास्त. भाव 1,160 च्या खाली कितीही गेला तरी कराची बचत त्या तोट्याला पुरून उरते. 1,100 च्या पुटने हे साधत नाही.

भाव 36 आणि 37 इतके जवळ आल्याचे पाहून कोणी सुचवेल की थोडा खालचा पुट विकून किंवा एकाऐवजी दोन कॉल विकून आणखी पैसे मिळवता येतील. दोन्हींना नकार द्यावा. खालचा पुट विकला की मोठ्या पडझडीत संरक्षण नेमके नाहीसे होते, आणि तीन लॉटऐवजी सहा लॉट कॉल विकले तर निम्म्या कॉलमागे आपल्याकडे शेअरच नसतात.

आता या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग, म्हणजे महिना. एनएसईवर शेअरच्या पर्यायांची मुदत महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपते. म्हणजे मार्चचा करार 31 मार्चला किंवा त्याच्या आधीच संपतो. आपण मार्चचा कॉल विकला, भाव 1,260 च्या वर गेला आणि आपण तो तसाच संपू दिला, तर काय होईल? ऑक्टोबर 2019 पासून शेअरचे सर्व वायदे आणि पर्याय प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पुरे होतात. आपले 1,500 शेअर 1,260 ने विकले जातील आणि ती विक्री याच आर्थिक वर्षात मोजली जाईल. उत्पन्न 50 लाखांच्या वर जाईल, अधिभार बसेल आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातातून जाईल. पुटच्या बाबतीतही भाव 1,160 च्या खाली असताना हेच घडेल.

म्हणून करार एप्रिलचाच हवा. शेअरचे पर्याय एका वेळी तीन महिन्यांचे उपलब्ध असतात, पण खरी उलाढाल जवळच्या महिन्यात असते, त्यापुढच्या महिन्यात थोडी आणि तिसऱ्यात जवळजवळ नसतेच. फेब्रुवारीची मुदत संपली की एप्रिल हा दुसरा महिना होतो, आणि तेव्हापासून त्यात भाव दिसू लागतात. आपल्या बाजूने एक नियम आहे. 2011 पासून आपल्याकडे शेअरचे पर्याय युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे समोरच्याला मुदतीच्या दिवसाआधी हक्क बजावता येत नाही. एप्रिलचा कॉल विकला असेल तर मार्चमध्ये भाव कितीही चढला तरी 31 मार्चच्या आत कोणी आपले शेअर मागू शकत नाही. अमेरिकेतल्या कॉलरचे लेख वाचून घाबरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, कारण तिथे शेअरच्या पर्यायांत मुदतीपूर्वीही हक्क बजावता येतो.

एप्रिलच्या पुट आणि कॉलमध्ये पुरेशी उलाढाल आहे की नाही, हे कसे ओळखायचे? ब्रोकरांच्या पडद्यावर प्रत्येक स्ट्राइकसमोर खरेदीदाराचा आणि विक्रेत्याचा भाव शेजारी-शेजारी दिसतो. दोन्ही पर्यायांतली दरी मिळवून ती 6 रुपयांच्या आत असेल तर 1,500 शेअरवर 9,000 रुपयांपर्यंतचा छुपा खर्च होतो, तो चालण्यासारखा आहे. दरी 15 रुपयांची असेल तर 22,500 गेले, आणि बाहेर पडताना तसाच खर्च पुन्हा. अशा वेळी दोन-चार दिवस थांबावे, किंवा भावाच्या अधिक जवळचे स्ट्राइक पाहावेत, कारण उलाढाल तिथे जास्त असते. तेही जमत नसेल तर एप्रिलचा वायदा, म्हणजे मुदतीला आज ठरलेल्या भावाने शेअर देण्याचा करार, तीन लॉट विकावा. त्यात भाव जागच्या जागी बांधला जातो, पुट-कॉलची दरी उरत नाही. मात्र शेअर एक रुपया चढला की त्याच संध्याकाळी खात्यातून 1,500 रुपये रोख वजा होतात, आणि वर जाण्याची जी 60 रुपयांची जागा कॉलर देते ती वायद्यात मिळत नाही. माझा कल कॉलरकडे आहे, पण पातळ बाजारात कॉलरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

ऑर्डर देताना आधी एक लॉट पुट घ्यावा, मग त्याच्या जोडीचा एक लॉट कॉल विकावा, आणि असे तीनदा करावे. नेहमी ठरलेल्या भावाची ऑर्डर द्यावी. बाजारभावाने दिलेली ऑर्डर पातळ बाजारात 36 चा पुट 44 ला घेऊन देऊ शकते. खात्यात वायदे व पर्यायांची सोय सुरू नसेल तर त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि काही दिवस जातात, म्हणून तो अर्ज आजच करावा. शेअर आणि पर्याय एकाच नावाच्या आणि एकाच ब्रोकरकडच्या खात्यात असावेत. आणखी एक अडथळा म्हणजे, एखाद्या शेअरमधले एकूण उघडे सौदे ठरलेल्या मर्यादेच्या 95 टक्क्यांवर गेले की एक्सचेंज त्याला बंदीच्या यादीत टाकते. त्या काळात नवा सौदा करता येत नाही, फक्त जुना कमी करता येतो. ती यादी एनएसई रोज जाहीर करते. पहिले 4,500 शेअर विकण्याआधी ती पाहून घ्यावी, म्हणजे उरलेले उघडे पडणार नाहीत.

विकलेल्या कॉलसाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची हमीची रक्कम, लागते, आणि शेअर आपल्याच डिमॅटमध्ये आहेत म्हणून ते आपोआप माफ होत नाही. 18 लाखांच्या शेअरवर तीन लॉटसाठी साडेतीन ते चार लाख धरून चालावे. नेमका आकडा ब्रोकरांच्या गणकयंत्रावर मिळेल. बहुतेक जण हेच शेअर ब्रोकरकडे तारण ठेवून मार्जिन भागवतात. आपण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले कारण असे की मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखसमान साधनात असावा लागतो, म्हणजे शेअर तारण ठेवूनही पैसे लागतातच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तारण ठेवलेले शेअर एप्रिलच्या पहिल्या दिवशी विकायचे असतील तर ते तारणातून सोडवावे लागतात, आणि सोडवायला गेले की मार्जिन कमी पडते. त्यापेक्षा पहिल्या विक्रीतून मुलीचे पैसे काढल्यावर जे अठरा लाख उरतात, त्यातले सहा लाख लिक्विड फंडात ठेवून ते युनिट तारण द्यावेत. ते रोखसमान धरले जातात. चार लाख मार्जिनसाठी आणि दोन लाख भाव चढल्यावर वाढणाऱ्या मागणीसाठी. भाव 1,400 झाला तर विकलेल्या कॉलवरचा बोजा दोन लाखांच्या वर जातो, आणि त्या वेळी शेअरचा नफा डिमॅटमध्ये कागदावर असतो, पैसे मात्र आज मागितले जातात. मार्जिन कमी पडले तर दंड लागतो आणि ब्रोकर आपल्याला न विचारताही सौदा बंद करू शकतो.

पर्यायांतल्या नफ्या-तोट्याचा कर शेअरहून वेगळ्या वाटेने जातो. तो व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो, सट्ट्याचे नव्हे. भाव 1,000 पर्यंत पडला तर तीन लॉट पुटवर, दोन्ही प्रीमियम धरून, सुमारे 2 लाख 41 हजार मिळतील, आणि ती रक्कम आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवली जाईल. आपले इतर उत्पन्न 6 लाख असल्यामुळे नव्या करप्रणालीत त्यातला बराच भाग 5 टक्क्यांच्या आणि थोडा 10 टक्क्यांच्या टप्प्यात पडतो, म्हणजे भांडवली नफ्याच्या 12.5 टक्क्यांपेक्षा कमीच. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हेच गणित उलटे पडते, त्यामुळे हा हिशेब कोणा शेजाऱ्याला जसाच्या तसा सांगू नये. भाव 1,400 झाला तर कॉलवर सुमारे 2 लाख 8 हजारांचा तोटा होईल. तो त्याच वर्षीच्या शेअरच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण निवृत्तिवेतनातून नाही, कारण ते पगाराच्या शीर्षाखाली येते.

यातून दोन कामे वाढतात. पुढच्या वर्षी आपल्याला ITR-3 हे विवरणपत्र भरावे लागेल. आणि 60 वर्षांवरील ज्या व्यक्तीला व्यवसायाचे उत्पन्न नाही तिला आगाऊ करातून सूट असते. पर्यायांचे उत्पन्न आले की त्या वर्षापुरती ती सूट जाते, आणि पहिला हप्ता 15 जूनपर्यंत भरावा लागतो. एप्रिलच्या विक्रीवरचा पावणेदोन लाखांच्या आसपासचा करही या हप्त्यांत विभागून द्यावा लागेल. इतवारीतल्या आपल्या नेहमीच्या सल्लागारांकडे फक्त पगारदारांची विवरणपत्रे होत असतील, तर या वर्षापुरते वायदे-पर्यायांचे काम करणारे सनदी लेखापाल शोधावेत.

आता आपल्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. आपण लेखा विभागात होतात आणि निवृत्तीला आठच महिने झाले आहेत. कंपनीची अप्रकाशित माहिती ज्यांच्या हाती येऊ शकते अशा नियुक्त व्यक्तींच्या यादीत आपले नाव अजून आहे का, हे अनुपालन अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. त्या यादीतल्यांसाठी तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास उलटेपर्यंत व्यवहाराची खिडकी बंद असते. नाव यादीत असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेअर विकता येणार नाहीत, आणि शेअरच्या पर्यायांतले सौदेही त्याच नियमांखाली येतात. मार्चचा निकाल बहुधा एप्रिल किंवा मे महिन्यात लागतो, म्हणजे एप्रिलची कॉलर संपून जाईल आणि विक्री करता येणार नाही, अशी कोंडी होऊ शकते. त्या परिस्थितीत आधी मंजुरी घेऊन सगळे 6,000 शेअर मार्चमध्ये, खिडकी उघडी असताना विकून टाकणे आणि 90,000 जास्त भरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. अप्रकाशित माहिती आजही कानावर येत असेल तर विक्रीही करता येत नाही, हे आपणाला लेखा विभागात राहून ठाऊक असेलच.

यादीत नाव नसेल, तर एप्रिलच्या मुदतीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कॉलरचे काम 31 मार्चची रात्र ओलांडली की संपते. नव्या आर्थिक वर्षातल्या व्यवहाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळचा पहिला अर्धा तास जाऊ देऊन, एका लॉटचा कॉल परत विकत घ्यावा, त्याच्या जोडीचा पुट विकावा आणि लगेच 500 शेअर विकावेत. मग दुसरा लॉट, मग तिसरा. मुदतीला तीन आठवडे शिल्लक असल्यामुळे त्या दिवशी मिळणारी रक्कम 1,160 किंवा 1,260 च्या हिशेबाशी रुपयाला रुपया जुळणार नाही. भाव 1,190 सारखा मधल्या पट्ट्यात असेल तर पुट आणि कॉल दोन्हींत थोडा प्रीमियम शिल्लक दिसेल. एकाचा मिळतो, दुसऱ्याचा द्यावा लागतो, आणि दोन्हींत फारसा फरक उरत नाही. उरलेल्या काही रुपयांसाठी शेवटच्या मंगळवारपर्यंत थांबू नये, कारण मुदतीच्या शेवटच्या चार दिवसांत प्रत्यक्ष शेअर देण्या-घेण्यासाठीचे वाढीव मार्जिन लागू लागते.

या दिवसांत एकच चूक खरोखर महागात पडते. शेअर विकले जातात, पैसे खात्यात येतात, काम झाले असे वाटते, आणि विकलेला कॉल "आपोआप संपेल" म्हणून तसाच राहतो. त्यानंतर भाव 1,260 च्या वर गेला तर द्यायला शेअर नसतात, ते लिलावात विकत घेऊन द्यावे लागतात आणि त्या भावाला वरची मर्यादा आपल्या हातात नसते. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी ब्रोकरांकडून आलेल्या करारपत्रात तीन लॉट कॉलची खरेदी, तीन लॉट पुटची विक्री आणि 1,500 शेअरची विक्री या तिन्ही नोंदी आहेत, आणि खात्यातल्या उघड्या सौद्यांच्या पानावर त्या कंपनीच्या नावासमोर शून्य आहे, हे स्वतः पाहून मगच लिक्विड फंडाचे युनिट तारणातून सोडवून घ्यावेत.